अननसाचा उलटा केक: चकत्या भांड्यालाच चिकटून राहतात तेव्हा

केक छान फुगलेला असतो, वरून रंगही हवा तसा आलेला असतो. ताट ठेवून भांडं उलटं करतो, उचलतो, आणि सात चकत्यांपैकी पाच केकवर येतात, दोन भांड्याच्या तळालाच राहतात. त्यांच्याबरोबर केकचा एक लचकाही निघालेला असतो. पुढच्या वेळी आपण भांड्याला जास्त लोणी लावतो, तरी तेच होतं. मग नॉनस्टिक भांडं आणतो. थोडा फरक पडतो, पण एखादी चकती हट्टाने मागे राहतेच.

भांड्याला लावलेल्या लोण्याचा इथे फारसा उपयोग का होत नाही, ते आधी सांगते. साध्या केकमध्ये पीठ भांड्याला चिकटू नये म्हणून आपण लोणी लावतो. या केकमध्ये तळाशी पीठ नसतंच, तिथे कॅरॅमल असतं. गरम कॅरॅमल ओतलं की खालचं लोणी वितळून त्याच्या कडेने वर येतं आणि कॅरॅमल थेट धातूवर बसतं. केक सुटणार की नाही हे मग एकाच गोष्टीवर ठरतं: उलटण्याच्या क्षणी ते कॅरॅमल पाकासारखं वाहतं आहे की आवळून बसलं आहे. लोणी लावायचं ते भांड्याच्या बाजूंना, तिथे त्याचा उपयोग आहे.

केक बिघडला तर भांडं लगेच पाण्यात टाकू नका. आधी त्याचा तळ बघा, कारण तिन्ही प्रकारचे बिघाड तळावर वेगवेगळे दिसतात. तळाला काचेसारखा चकचकीत, नखाने न निघणारा थर असेल आणि त्यात चकती रुतलेली असेल, तर कॅरॅमल आवळलं आहे. तळ जवळपास स्वच्छ असेल पण केकवरची नक्षी एका बाजूला सरकलेली असेल, चकत्यांवर केकचा पातळ पापुद्रा चढलेला असेल, तर घोळ पीठ ओतताना झालेला आहे. आणि तळाला ओलसर, फिकट, चिकट केक लागलेला असेल, ताटात पातळ रस साचलेला असेल, तर फळातलं पाणी जास्त झालं किंवा केक घाईने उलटला गेला. पहिला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

कॅरॅमल आवळतं म्हणजे काय होतं

कोरडी साखर वितळवून केलेल्या कॅरॅमलमध्ये पाणी जवळजवळ उरलेलंच नसतं. गरम असेपर्यंत ते वाहतं, गार झालं की काच होते. भांड्यात ओतल्यावर ते कडक होतं तेव्हा आपण निर्धास्त असतो, कारण ओव्हनमध्ये ते पुन्हा वितळणार हे माहीत असतं. वितळतं हे खरंच. पण ओव्हनमधून बाहेर आल्यावर ते वाहतं राहण्यासाठी नुसती उष्णता पुरत नाही, त्यात पाणी मिसळलेलं असावं लागतं. हे पाणी अननसातून येतं. भाजताना चकत्या रस सोडतात, तो रस साखरेत मिसळतो आणि कडक कॅरॅमलचा दाट पाक होतो. असा पाक कोमट झाला तरी वाहतो.

अंदाज यावा म्हणून एक हिशेब देते. मधात साधारण १७ ते २० टक्के पाणी असतं, आणि कोमट असताना तो किती सहज ओघळतो ते आपल्याला ठाऊक आहे. १०० ग्रॅम साखरेच्या कॅरॅमलला तेवढं सैल व्हायला २० ते २५ ग्रॅम पाणी लागेल. म्हणजे दीड-दोन मोठे चमचेच. चकत्या तेवढा रस सहज सोडतात, पण सगळीकडे सारखा सोडत नाहीत. चकतीच्या कडेला आणि मधल्या भोकापाशी रस जमतो, चकतीच्या सपाट भागाखाली मात्र कमी पोचतो. म्हणूनच चकतीच्या आजूबाजूचं कॅरॅमल छान पाक झालेलं असतं आणि बरोबर चकतीखालचा तुकडा कडक राहतो.

यात वेळेची एक अडचण आहे, आणि मला विचाराल तर या केकची खरी मेख तिथेच आहे. ओव्हनमधून काढल्यावर केक स्वतः नाजूक असतो. आतली वाफ निवून त्याला जरा बळ यायला दहा मिनिटं तरी लागतात. त्याआधी उलटला तर तो मध्ये फाटतो. कोरडं, कडक कॅरॅमल मात्र पाच-सहा मिनिटांतच भांड्याच्या तळाशी आवळायला लागतं, कारण पातळ धातूचा तळ सगळ्यात लवकर गार होतो. केक तयार होईपर्यंत कॅरॅमलची वेळ निघून गेलेली असते. ‘पाच मिनिटांत उलटा’ आणि ‘पंधरा मिनिटं थांबा’ असे दोन्ही सल्ले ऐकायला मिळतात आणि दोन्ही अधूनमधून फसतात, ते यामुळेच. कितीही मिनिटं थांबलात तरी मूळ प्रश्न सुटत नाही. कॅरॅमलची वेळ लांबवावी लागते.

वहिनीचा केक

माझ्या वहिनीच्या केकची मधली चकती दर वेळी भांड्यातच राहायची. बाहेरच्या सहा सुंदर निघायच्या. तिने फोनवर विचारलं, “बाहेरच्या निघतात आणि मधलीच का अडकते गं? भांडं तर एकच आहे.” मी तिला कॅरॅमल कसं करतेस ते सांगायला सांगितलं. ती पातेल्यात नुसती साखर वितळवायची, सोनेरी तांबूस झाली की भांड्यात मधोमध ओतायची आणि भांडं फिरवून पसरवायची. भांडं गार असायचं. चकत्या डब्यातल्या होत्या, आणि केक चिकट होऊ नये म्हणून ती त्या कागदात अगदी दाबून दाबून कोरड्या करायची.

मी म्हटलं, “पुढच्या वेळी चकत्या मांडायच्या आधी भांडं उजेडाकडे तिरकं धर आणि बघ.” तिने बघितलं. मध्यभागी कॅरॅमल गडद तांबडं आणि जाड होतं, कडेला फिकट आणि पातळ. गार भांड्यात पडल्या पडल्या ते मधल्या जागी घट्ट व्हायचं आणि जे पुढे सरकायचं तेवढंच कडेला पोचायचं. शिवाय ओव्हनमध्ये उष्णता कडेकडून मध्याकडे जाते, म्हणून मधलं कॅरॅमल सगळ्यात उशिरा वितळतं. जाड थर, उशिरा वितळणारी जागा आणि वर रस पिळून काढलेली चकती, अशा तीन गोष्टी मधल्या चकतीखाली एकत्र आल्या होत्या. भांड्याचा त्यात काहीच दोष नव्हता.

तिने तीन बदल केले. कॅरॅमलमध्ये लोणी आणि अननसाचा रस घातला, ओतण्याआधी भांडं ओव्हनमध्ये जरा गरम केलं, आणि चकत्या दाबण्याऐवजी नुसत्या टिपून घेतल्या. मधली चकती बाकीच्यांसारखीच सुटून आली.

तिला दिलेलं प्रमाण २३ सेंटीमीटरच्या गोल भांड्याचं होतं: साखर १२० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, अननसाचा रस दोन मोठे चमचे आणि चिमूटभर मीठ. साखर जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर वितळू द्या. चमच्याने ढवळत बसू नका, पातेलंच हलवा. ढवळलं की साखरेचे खडे धरतात आणि कॅरॅमल रवाळ होतं, आणि रवाळ कॅरॅमल भाजल्यावरही भांड्याला धरून बसतं. रंग गडद मधासारखा झाला की आच बंद करून लोण्याचे तुकडे घाला, मग रस. रस आधी कोमट करून घ्या आणि तोंड लांब ठेवा, कारण कॅरॅमल या वेळी १७० अंशांच्या आसपास असतं आणि पाणी पडलं की उसळतं. काही गुठळ्या होतील. मंद आचेवर मिनिटभर ठेवलं की त्या विरघळतात. कॅरॅमल कोमट भांड्यात ओता आणि सगळीकडे सारखं पसरवा. लोणी थोडं वेगळं होऊन कडेला तरंगताना दिसलं तरी चालतं, भाजताना ते मिसळतं.

ज्यांना कॅरॅमल करायचंच नाही त्यांनी ब्राऊन शुगर आणि लोणी एकत्र करून तळाला थापलं तरी केक सहज सुटतो, कारण त्या साखरेत मुळातच ओलावा असतो. पण कॅरॅमलची ती किंचित कडवट, खमंग चव त्याला येत नाही. माझं मत विचाराल तर अननसाच्या आंबटगोडाला ती चव हवीच.

नक्षी सरकते तेव्हा

आता दुसरा प्रकार. वरच्या प्रमाणात कॅरॅमल मऊ झालं, म्हणजे चकत्या त्यावर घसरू शकतात. म्हणून कॅरॅमल ओतल्यावर भांडं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ते टॉफीसारखं घट्ट होतं, चकती दाबली की जागेवर बसते, आणि भाजल्यावर रसाने पुन्हा सैल होतं. पीठ ओतताना घट्ट आणि केक उलटताना पातळ, असं कॅरॅमल हवं. कोरडं कॅरॅमल पहिली अट पाळतं, दुसरी नाही.

चकत्या एकमेकींना टेकून बसल्या तर कुठे सरकायला जागाच उरत नाही. डब्यातली चकती साधारण साडेसात सेंटीमीटर रुंद असते. एक मध्ये आणि सहा भोवती अशी मांडणी करायला भांडं चकतीच्या तिप्पट रुंद लागतं, म्हणजे साडेबावीस. म्हणून २३ सेंटीमीटरचं भांडं या नक्षीला बरोबर बसतं. २० सेंटीमीटरच्या भांड्यात सात चकत्या कोंबायच्या नादात त्या एकमेकींवर चढतात, खाली पोकळी राहते, तिथे पीठ शिरतं आणि केक उलटल्यावर नक्षी मळकट दिसते. त्या भांड्यात चार पूर्ण चकत्या मांडा आणि कडेच्या फटींत छोटे तुकडे बसवा. चेरी भोकात घट्ट बसावी, तिची गोल बाजू खाली. सैल बसलेली चेरी पिठाबरोबर वर निघून जाते.

पीठ कधीही एका जागी उंचावरून ओतू नका. धार पडते तिथली चकती उचलली जाते आणि पीठ तिच्याखाली शिरतं. मोठ्या चमच्याने पिठाचे गोळे आधी चकत्यांच्या मधल्या फटींवर ठेवा, मग चकत्यांवर, आणि शेवटी हलक्या हाताने जोडून घ्या. त्यासाठी पीठ चमच्यातून सावकाश पडेल इतकं दाट हवं. लोणी आणि साखर फेटून केलेल्या केकचं पीठ असंच असतं. तेलाचं पातळ पीठ या केकला मला पटत नाही, ते फळाखाली झिरपतंच. भरून झाल्यावर भांडं ओट्यावर आपटायची सवय असेल तर इथे ती आवरा. एकदा हलकेच टेकवलं तर पुरे.

तळाशी ओला गिचका

ताज्या अननसाने हा त्रास जास्त होतो. ताजं फळ वापरायचं तर चकत्या कॅरॅमलमध्येच तीन-चार मिनिटं परतून घ्या, म्हणजे जास्तीचा रस पातेल्यातच आटतो. मग कॅरॅमलमध्ये वेगळा रस घालायची गरज नाही. भाजण्याची वेळही फळाच्या बाजूने मोजा. वरून केक तयार दिसतो तेव्हा फळाला लागून असलेला थर कधीकधी कच्चा असतो. सुई मध्यभागी खुपसा, पण फळापर्यंत नेऊ नका, नाहीतर ती पाकाने ओली होऊन बाहेर येईल आणि तुम्ही केक उगाच जास्त भाजाल. १७५ अंशांवर २३ सेंटीमीटरच्या केकला ४० ते ४५ मिनिटं लागतात. रंग लवकर आला तर वर फॉइल झाका आणि वेळ पूर्ण होऊ द्या. भांडं ओव्हनच्या खालच्या भागात ठेवलं तर तळापर्यंत उष्णता नीट पोचते.

उलटताना

ओव्हनमधून काढल्यावर पहिल्या मिनिटातच पातळ सुरी कडेने फिरवा. हे काम दहा मिनिटांनी करायचं असं बरेच जण समजतात. पण कडेने वर आलेलं कॅरॅमल सगळ्यात आधी आवळतं आणि केकला भिंतीशी बांधून टाकतं. सुरीचं पातं भांड्याच्या बाजूला टेकलेलं ठेवा, केककडे वळवू नका.

मग भांडं जाळीवर दहा मिनिटं ठेवा. बिनअंड्याचा केक असेल तर तो जास्त ठिसूळ असतो, त्याला आणखी तीन-चार मिनिटं द्या. या वेळात केकचा वरचा भाग बघून घ्या. मध्ये मोठा घुमट आला असेल तर लांब सुरीने तो सपाट कापा. घुमट तसाच राहिला तर उलटल्यावर केक मधोमध टेकतो, कडा अधांतरी राहतात आणि तडा थेट नक्षीतून जातो.

उलटण्याआधी एक परीक्षा. हातमोजे घालून भांडं दोन्ही हातांनी आडवं धरा आणि डावीकडून उजवीकडे एक छोटा झटका द्या. केक अख्खा, एकसंध सरकला पाहिजे. तो सरकला की तळाचा पाक सुटा आहे. कडा हलते पण मध्य धरून आहे असं वाटलं तर उलटू नका. गॅस अगदी मंद करून भांडं त्यावर अर्धा ते एक मिनिट गोल फिरवत धरा आणि पुन्हा झटका देऊन बघा. तळ जागा सोडतो तेव्हा हाताला स्पष्ट कळतं. भांडं जाड असेल किंवा काचेचं असेल तर गॅसऐवजी १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा. काचेचं भांडं थेट आचेवर कधीच नको.

ताट भांड्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर मोठं आणि किंचित कड असलेलं घ्या, पाक ओघळतो. ताट भांड्यावर घट्ट दाबा, दोन्ही एकत्र धरा आणि एकाच हालचालीत, अंगापासून लांब नेत उलटा. अर्धवट उलटून थांबलं की चकत्या एका बाजूला घसरतात. उलटल्यावर भांडं लगेच उचलू नका. दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या. पाक खाली उतरतो, चकत्या स्वतःच्या वजनाने केकवर बसतात. मग एक कड जराशी वर करून आत हवा जाऊ द्या आणि भांडं सरळ वर उचला.

तळाला बटर पेपर लावावा का, असं बऱ्याचदा विचारलं जातं. लावला तर चकत्या नक्की सुटतात, पण कागदाला पडलेली प्रत्येक सुरकुती कॅरॅमलवर उमटते आणि कागद गरम असतानाच सोलावा लागतो, नाहीतर पाकाचा चकचकीत थर त्याच्याबरोबर निघतो. पाहुणे दारात असतील आणि जोखीम नको असेल तर लावा. एरवी मी लावत नाही. निघणाऱ्या तळाचं भांडं मात्र टाळाच, त्यातून पाक ओव्हनमध्ये गळतो आणि चकतीखाली कोरडी साखर उरते.

तरीही एखादी चकती मागे राहिली तर

ओढू नका. भांड्यात एक मोठा चमचा अननसाचा रस घालून मंद आचेवर ठेवा. मिनिटाभरात कडक थर विरघळायला लागतो आणि चकती आपोआप तरंगते. पातळ उलथण्याने ती अख्खी उचला आणि केकवरच्या तिच्या जागी ठेवा. केकचा लचका निघाला असेल तर तो आधी खड्ड्यात भरा, वर चकती बसवा. भांड्यात उरलेला पाक गरम असतानाच ब्रशने सगळ्या नक्षीवर फिरवा, एकट्या त्या चकतीवर नको, नाहीतर तिची चमक वेगळी दिसते आणि जोड लगेच लक्षात येतो. हे सगळं केक कोमट असेपर्यंत करा. गार केकवर बसवलेली चकती धरत नाही, कापताना सुरीबरोबर निघून येते.

आणि केक भांड्यातच पूर्ण गार झाला असेल, अगदी रात्रभर राहिला असेल, तरी तो उलटता येतो. १५० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवा, सुरी पुन्हा कडेने फिरवा, झटक्याची परीक्षा घ्या आणि केक सरकला की लगेच उलटा. इथे दहा मिनिटं थांबायचं नाही, कारण केक आता घट्ट आहे आणि वेळ फक्त कॅरॅमलची सांभाळायची आहे.